आपली चित्रफीत, दुसऱ्याचे वाक्य

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या पुतण्याने आपल्या दुकानासाठी एक छोटी चित्रफीत तयार केली. नाशिकच्या जुन्या बाजारात आमच्या घराण्याचे साड्यांचे दुकान तीन पिढ्यांपासून आहे. आजोबांच्या काळी पत सांभाळली जाई ती वहीतल्या अक्षरांनी आणि तोंडच्या शब्दाने. आता पुतण्या इन्स्टाग्रामवर रील टाकतो. त्या रीलचा विषय उत्तम होता. येवल्याची हातमागावरची पैठणी आणि यंत्रमागावर विणलेली तिची नक्कल यांतला फरक गिऱ्हाईकाने कसा ओळखावा, हे त्याने साडीचा पदर उलटा करून दाखविले होते. हातमागाच्या पैठणीवर मोर आणि पोपट उलट बाजूनेही तितकेच स्वच्छ दिसतात, कारण तेथे रंगीत धागे एकमेकांत गुंतवून नक्षी विणलेली असते. यंत्रमागाच्या साडीच्या पाठीमागे मात्र सुटे धागे लोंबतात, किंवा ते झाकण्यासाठी जाळी लावलेली असते. सव्वा मिनिटात त्याने हे सारे नीट समजावले होते.

चूक झाली ती आरंभात. श्रोत्यांचे लक्ष वेधून घ्यावे म्हणून त्याने साडी हातात धरून पहिलेच वाक्य उच्चारले, “आमच्या दुकानातली ही पैठणी खोटी आहे.” क्षणभर थांबून पुढे म्हटले, “असे काल एक ताई म्हणाल्या. चला, आपण पडताळून पाहू.” पहिल्या वाक्याला जेमतेम चार सेकंद लागले होते.

आठ-दहा दिवसांनी एका परजिल्ह्यातील तरुणाने त्या रीलचे ‘रिमिक्स’ केले. त्याने पुतण्याचे पहिले चार सेकंद घेतले, तेथेच कात्री लावली, आणि त्यापुढे स्वतःचा चेहरा जोडून “बघा, दुकानदार स्वतःच कबूल करतो आहे” असे हसत हसत सांगितले. त्या तरुणाचे आमच्याशी काही वैर नव्हते. त्याला गंमत करावयाची होती. परंतु तिसऱ्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी मुलीच्या लग्नासाठी पसंत करून ठेवलेल्या दोन साड्या परत पाठविल्या, आणि माझ्या वहिनींनी त्या रात्री जेवण केले नाही.

पुतण्या माझ्याकडे आला तो एकच प्रश्न घेऊन, “काका, माझी चित्रफीत त्याने माझ्या परवानगीशिवाय वापरलीच कशी?” उत्तर शोधण्यास आम्हा दोघांना दोन संध्याकाळी लागल्या. उत्तर असे निघाले की परवानगी होती, आणि ती त्यानेच दिली होती.

सार्वजनिक खात्यावरून रील टाकताना इन्स्टाग्राम एक सूचना दाखविते. तिचा आशय असा असतो की तुमचे खाते सार्वजनिक असल्याने कोणीही तुमच्या रीलचा सर्व वा काही भाग रिमिक्स व तत्सम सोयींतून पुन्हा वापरू शकेल, तसेच ती उतरवून घेऊ शकेल. ही मुभा प्रत्येक रीलपुरती किंवा सेटिंगमध्ये कायमची बंद करता येईल. पुतण्याने ती सूचना पाहिलीही नव्हती. ‘OK’ असे लिहिलेले बटण दाबून तो पुढे गेला होता. बँकेत पस्तीस वर्षे मी लोकांना छापील अर्जाच्या तळाशी न वाचता सह्या करताना पाहिले आहे, त्यामुळे त्याला रागावण्याचा अधिकार मला होता. पण मी स्वतःही माझ्या मोबाइलवर हेच करीत आलो आहे.

ही सोय मुळात कोठून आली, हे जाणून घेतले की तिचा स्वभाव कळतो. म्युझिकली नावाच्या ॲपमध्ये आणि २०१८ साली ते ज्यात विलीन झाले त्या टिकटॉकमध्ये ‘ड्युएट’ हा प्रकार होता. एकाने गाणे म्हणावयाचे, दुसऱ्याने पडद्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात त्याला साथ द्यावयाची, अशी ती जुगलबंदी. मूळ चित्रफीत आणि नवी चित्रफीत एकाच वेळी शेजारी-शेजारी चालतात. ‘स्टिच’ हा टिकटॉकवरचा दुसरा प्रकार सप्टेंबर २०२० मध्ये आला. स्टिच म्हणजे टाका. दुसऱ्याच्या चित्रफितीतून पाच सेकंदांपर्यंतचा तुकडा कापून घ्यावयाचा, आणि त्याच्या पुढे आपली चित्रफीत शिवून टाकावयाची. ड्युएटमध्ये मूळ माणसाचे बोलणे सहसा पूर्ण ऐकू येते. स्टिचमध्ये किती ऐकवावे, हे कापणारा ठरवितो. आमचे नुकसान झाले ते या दुसऱ्या जातीच्या उपयोगाने.

आपल्या देशात तोवर टिकटॉक उरले नव्हते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने एकूण ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत ते होते. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्सची चाचणी सुरू केली आणि सप्टेंबरात यूट्यूबने आपले शॉर्ट्स सर्वप्रथम भारतातच आणले. बाजारातील एक पेढी बंद पडली की शेजारची पेढी तिची गिऱ्हाइके आणि तिच्या रीतीभातीही उचलते, तसेच हे झाले. मार्च २०२१ च्या अखेरीस इन्स्टाग्रामने ‘रिमिक्स’ आणले. सुरुवातीला त्यात केवळ शेजारी-शेजारी चालणारी चित्रफीत होती. जुलै २०२२ मध्ये त्यात आणखी रचना आल्या: वर-खाली मांडणी, आपल्या पाठीमागे मूळ चित्र पसरणे, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत बोलणे, आणि मूळ तुकड्यानंतर आपला तुकडा जोडणे. म्हणजे नाव एकच राहिले, परंतु त्यात ड्युएट आणि स्टिच या दोन्ही गोष्टी सामावल्या. पुतण्याने ‘स्टिच’ हा शब्द ऐकलेला नव्हता, तरी त्याची चित्रफीत स्टिच झाली ती यामुळे.

यूट्यूबवरही हेच आहे. तेथे दुसऱ्याच्या चित्रफितीतला केवळ आवाज घेता येतो. छोटा तुकडा कापून आपल्या शॉर्टच्या आरंभी लावता येतो, त्याला तेथे ‘Cut’ म्हणतात. आणि २०२३ पासून ‘Collab’ नावाने शेजारी-शेजारी मांडणीही करता येते.

आता बंद कसे करावे ते सांगतो. पडद्यावरची इंग्रजी नावे मी आहेत तशी देत आहे, कारण शोधताना तीच दिसतात. कंपन्या ही नावे अधूनमधून बदलतात. नाव थोडे वेगळे दिसले तर त्याच अर्थाचे जवळचे नाव पाहावे.

इन्स्टाग्रामवर दोन पातळ्या आहेत. पहिली संपूर्ण खात्याची. आपल्या प्रोफाइलवर जाऊन वरच्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघांवर बोट ठेवावे. उघडलेल्या यादीत बरेच खाली ‘Sharing and reuse’ असे लिहिलेले सापडते. त्यात रील, पोस्ट इत्यादींचा पुनर्वापर इतरांना करू द्यावयाचा की नाही, यासाठी वेगवेगळ्या खिट्ट्या आहेत, आणि रील उतरवून घेऊ देण्याची खिट्टी त्यांतच निराळी आहे. या दोन्ही खिट्ट्या एकच आहेत असा गैरसमज आमचाही झाला होता. रिमिक्स बंद केले तरी उतरवून घेण्याची मुभा चालूच राहू शकते, म्हणून दोन्ही पाहाव्यात.

दुसरी पातळी एकेका रीलची. आधीच टाकलेली रील उघडावी, तिच्यावरील तीन ठिपके दाबावेत, आणि तेथे रिमिक्स किंवा पुनर्वापर बंद करण्याचा पर्याय निवडावा. नवी रील टाकताना प्रकाशित करण्याच्या शेवटच्या पडद्यावर ‘More options’ किंवा ‘Advanced settings’ या नावाखाली हीच निवड करता येते. खात्याची खिट्टी फिरविली म्हणजे जुन्या सर्व रीलही आपोआप बंद झाल्या, असे मानून निवांत राहू नये. पुतण्याने दुकानाच्या एकशे चाळीस रीलपैकी महत्त्वाच्या तीसेक एकेक उघडून तपासल्या. बँकेत याला आम्ही खातेनिहाय पडताळणी म्हणत असू. कंटाळवाणी असते, पण दुसरा मार्ग नाही.

खरोखर बंद झाले की नाही हे स्वतःच्या मोबाइलवरून कळत नाही. त्यासाठी घरातील दुसऱ्या कोणाच्या खात्यातून आपली रील उघडावी, शेअर करण्याचा बाण आणि तीन ठिपके दोन्ही दाबून पाहावेत. ‘Remix’ हा शब्द तेथे दिसला, तर दार उघडेच आहे. माझ्या सुनेच्या मोबाइलवर आम्ही हे करून पाहिले तेव्हा चार रील उघड्या निघाल्या.

खाते खासगी केले तर कोणीच रिमिक्स करू शकत नाही. घरगुती खात्यासाठी हा सर्वांत सरळ उपाय आहे. दुकानाच्या व्यवसाय-खात्याला मात्र तो लागू पडत नाही, कारण व्यवसायाचे खाते खासगी करता येत नाही, आणि करता आले असते तरी दुकानाचे शटर आतून ओढून घेऊन विक्रीस बसण्यात अर्थ नव्हता.

यूट्यूबवर मोठी चित्रफीत असेल तर यूट्यूब स्टुडिओत ‘Content’ मध्ये जाऊन ती चित्रफीत निवडावी, तपशिलाच्या पानावर ‘Show more’ दाबावे आणि खाली ‘Shorts remixing’ शोधावे. तेथे तीन पर्याय आहेत: चित्र व आवाज दोन्ही वापरू देणे, केवळ आवाज वापरू देणे, आणि ‘Don’t allow remixing’. आरंभी पहिला पर्याय आपोआप निवडलेला असतो. प्रवचने, व्याख्याने, तासाभराच्या मुलाखती यूट्यूबवर ठेवणाऱ्या संस्थांनी तिसऱ्या पर्यायाचा विचार जरूर करावा, कारण तासाभराच्या बोलण्यातून कोणते पाच सेकंद उचलले जातील याचा नेम नसतो.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशी आहेत आणि तेथे टिकटॉक चालते. त्यांनी प्रोफाइलवरील तीन रेघांतून ‘Settings and privacy’, मग ‘Privacy’, आणि तेथे ‘Duet’ व ‘Stitch’ या दोन वेगळ्या ओळी पाहाव्यात. एक बंद केली म्हणून दुसरी बंद होत नाही. सोळा वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर या दोन्ही सोयी टिकटॉकने जानेवारी २०२१ पासून मुळातच बंद ठेवल्या आहेत. येथे एक गोष्ट सहसा निसटते. मुलाचे स्वतःचे खाते असे सुरक्षित असते, पण त्याच मुलाचा नाच आई आपल्या सार्वजनिक खात्यावर टाकते, आणि नियम लागू होतात ते आईच्या खात्याचे.

आता पुतण्याच्या गोष्टीकडे परत येतो. त्याने त्याच रात्री त्या रीलचे रिमिक्स बंद केले आणि सकाळी उठून पाहिले, तर त्या तरुणाची चित्रफीत जशीच्या तशी होती. त्याला वाटले, खिट्टी काम करीत नाही. मी त्याला चेकचे उदाहरण दिले. खातेदार बँकेला ‘पेमेंट थांबवा’ म्हणून पत्र देतो, ते पुढे येणाऱ्या चेकला लागू होते. जो चेक काल वटला, तो त्या पत्राने परत येत नाही. ही खिट्टी तशीच आहे. तिने नवी रिमिक्स थांबतात. आधीच तयार झालेली आपोआप नाहीशी होतील असे धरून चालू नये. त्यांचा निकाल एकेकाचा स्वतंत्र लावावा लागतो.

त्यासाठी आधी ती सापडली पाहिजेत. रिमिक्स झाल्याची सूचना इन्स्टाग्राम मूळ खात्याला देते, पण दिवसाला शंभर सूचना येणाऱ्या खात्यावर ती बुडून जाते. पुतण्याची तशीच बुडाली होती. दुसरी वाट अशी, की आपल्या रीलखाली जे आवाजाचे नाव दिसते त्यावर बोट ठेवावे. तो आवाज वापरलेल्या रीलची यादी उघडते. त्या यादीत आम्हाला आणखी दोन चित्रफिती सापडल्या. एकीत कोणा मुलीने पैठणीची माहिती ऐकताना आपल्या आजीची साडी उलटी करून दाखविली होती. ती फारच गोड होती आणि तिने दुकानाचा फायदाच केला असावा.

त्या तरुणाला पुतण्या आधी वकिलाची नोटीस धाडणार होता. मी म्हटले, आधी साध्या शब्दांत लिही. आपल्याकडे प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे आणि त्याचे ५२ वे कलम टीका व समीक्षेसाठी दुसऱ्याच्या कृतीचा उचित वापर करण्यास मुभा देते. आमच्या साडीवर कोणी प्रामाणिक टीका केली असती, तर तक्रारीला फारशी जागा नव्हती. येथे वाक्य अर्धे तोडून त्याचा अर्थ उलटा केला होता, आणि त्यामुळे प्रश्न प्रताधिकारापेक्षा नावाच्या बदनामीचा अधिक होता. पुतण्याने पूर्ण चित्रफितीचा दुवा, पहिले वाक्य कोठे संपते ती वेळ, आणि परत आलेल्या दोन साड्यांची हकीकत इतकेच लिहिले. त्यापूर्वी त्या रिमिक्सचे पडद्यावरचे चित्र, खात्याचे नाव आणि तारीख जपून ठेवली, कारण पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर पुरावा हातात हवा. दोन दिवसांनी उत्तर आले. त्याने पूर्ण रील पाहिलीच नव्हती. त्याने आपली चित्रफीत काढून टाकली. तो न ऐकता, तर त्या रीलवरील तीन ठिपक्यांतून ‘Report’ करणे, तेथे दाद न मिळाल्यास त्या कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाणे, असा क्रम आम्ही ठरवून ठेवला होता.

या खिट्टीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती केवळ ॲपच्या आतील कात्री काढून घेते. पडदा चित्रित करून घेणाऱ्याला, किंवा चित्रफीत उतरवून संगणकावर जोडणाऱ्याला ती अडवीत नाही. याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या यशराज मुखाटे या तरुण संगीतकाराने ‘साथ निभाना साथिया’ या मालिकेतील कोकिलाबेनचा संवाद घेतला, त्याला ताल आणि सूर दिले, आणि ‘रसोडे में कौन था’ घराघरांत पोहोचले. तेथे रिमिक्सचे बटण नव्हतेच. इन्स्टाग्रामवर ते यायला अजून सात महिने अवकाश होता. कोकिलाबेनची भूमिका करणाऱ्या रूपल पटेल यांनी ते आनंदाने स्वीकारले. मूळ बोलणाऱ्याला ते आवडले म्हणून ती गंमत ठरली.

बटणातून झालेल्या रिमिक्समध्ये मूळ खात्याचे नाव दिसते आणि त्यावरून पाहणारा मूळ चित्रफितीकडे येऊ शकतो. बटण बंद असताना ज्याला ती घ्यावयाचीच आहे तो पडदा चित्रित करून घेतो, आणि मग नावही राहत नाही, सूचनाही येत नाही. यामुळे सरसकट सारे बंद करावे, या मताचा मी नाही. दुकानाची दिवाळीची जाहिरात, नव्या मालाची झलक, यांवर लोकांनी आपले काही जोडले तर जोडू द्यावे. आजीची साडी उलटी करणारी ती मुलगी अशीच आली होती. घरातील लहान मुले, लग्नकार्य, आजारी वा वृद्ध माणसे, आणि ज्यात वाक्य तोडल्यास अर्थ उलटतो असे समजावणीचे बोलणे, यांवर मात्र खिट्टी बंद ठेवावी.

लग्नकार्याची एक गोष्ट स्वतंत्र आहे. हल्ली छायाचित्रकार वधू-वरांच्या रील स्वतःच्या खात्यावर टाकतो. खाते त्याचे, म्हणून खिट्टीही त्याच्याच हाती. आपल्या घरातल्या सर्वांनी आपापली सेटिंग बदलली तरी त्या रीलवर काही परिणाम होत नाही. प्रताधिकार कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन आपल्यासाठी करवून घेतलेल्या छायाचित्रांचा व चित्रफितीचा पहिला मालक आपण असतो, विरुद्ध करार नसेल तर. तो विरुद्ध करार बहुधा त्याच्या छापील अटींत असतो. म्हणून बयाणा देतानाच त्या अटी वाचाव्यात, आणि ‘आमच्या संमतीविना प्रसिद्ध करू नये, प्रसिद्ध केल्यास पुनर्वापर व उतरवून घेणे बंद ठेवावे’ अशी एक ओळ लेखी घालून घ्यावी. माझ्या भाचीच्या लग्नात आम्ही ती घातली. छायाचित्रकाराने विनातक्रार सही केली. कोणी मागत नाही म्हणून आम्ही देत नाही, असे तो म्हणाला.

पुतण्याने ती पैठणीची रील पुन्हा नव्याने चित्रित केली. या वेळी पहिले वाक्य आहे, “अस्सल पैठणी पाठीमागून ओळखावी,” आणि ते वाक्य कोठेही कापले तरी आमच्याच बाजूने बोलते. पाच सेकंदांच्या कात्रीला हे उत्तर त्याने स्वतः शोधले, मी नव्हे.

परत गेलेल्या दोन साड्यांपैकी एक त्या बाईंनी पुन्हा नेली. वहिनींनी त्यांना पूर्ण चित्रफीत दाखविली, मग साडीचा पदर गादीवर उलटा पसरून दिला. दुसरी साडी तोवर विकली गेली होती. आणि त्या तरुणाने काढून टाकलेला तो चार सेकंदांचा तुकडा, कोणी तरी पडद्यावरून उतरवून ठेवलेला, भाऊबीजेच्या दिवशी आमच्याच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आला. पाठविणाऱ्या मावशींना तो आपल्याच दुकानाचा आहे हे ठाऊक नव्हते.